टोचन, न्यूट्रल आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा

बंद पडलेली मोटार दुसऱ्या गाडीला दोरीने किंवा साखळीने बांधून ओढत नेण्याला महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर ‘टोचन’ म्हणतात. चारही चाके रस्त्यावर, गिअर न्यूट्रलमध्ये, स्टिअरिंग मोकळे राहावे म्हणून चावी फिरवलेली आणि मागच्या गाडीत दोरीचा ताण सांभाळत बसलेला एक माणूस, असा हा सगळा थाट असतो. ही पद्धत हाताने गिअर टाकायच्या गाड्यांच्या काळात रुळली आणि त्या गाड्यांना ती मानवतही असे. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी याच रीतीने ओढली, तर मूळ बिघाडापेक्षा ओढण्याचेच बिल मोठे होऊ शकते. त्याचे कारण ‘न्यूट्रल’ या शब्दात दडले आहे. तिन्ही प्रकारच्या गाड्यांत ‘एन’ हे अक्षर सारखेच असले, तरी आत घडणारी गोष्ट वेगळी असते.

हातगिअरच्या गाडीत न्यूट्रल म्हणजे इंजिन आणि चाके यांची खरोखरीची फारकत. गाडी ओढली की चाकांबरोबर गिअरबॉक्सचा चाकांकडचा भाग तेवढा फिरतो. पुढची चाके ओढणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत याच भागातले मोठे दातेरी चक्र तळाच्या तेलात बुडालेले असते. ते फिरता फिरता तेल वर उडवते आणि आसपासचे सगळे भाग भिजत राहतात. इथे वंगणासाठी वेगळ्या पंपाची गरजच नाही. इंजिन बंद असले तरी चाके स्वतःच स्वतःला तेल पुरवतात. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या काही गाड्यांत मात्र तेल उडवणारा दांडा इंजिनाच्या बाजूचा असतो आणि न्यूट्रलमध्ये तो थांबून राहतो. लांब पल्ल्यासाठी अशा गाड्यांचा मागचा दांडा सोडवून ठेवण्याची मेकॅनिक मंडळींची रीत त्यातूनच आली.

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या पारंपरिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाचे काम दुहेरी असते. तेच वंगण आणि तेच गिअर बदलणारी शक्ती. हे तेल दाबाखाली फिरवणारा पंप टॉर्क कन्व्हर्टरच्या मागे बसवलेला असतो आणि तो इंजिनाच्या फिरण्यावर चालतो. इंजिन थांबले की पंप थांबला. पण चाके फिरत असतील तर चाकांना जोडलेला दांडा, त्यावरची ग्रहचक्रे, म्हणजे मधल्या चक्राभोवती फिरणारी छोटी दातेरी चक्रे, त्यांचे बुश आणि क्लचचे ड्रम हे सगळे फिरतच राहतात. न्यूट्रलमध्ये कोणताच क्लच पकडलेला नसल्यामुळे यातले काही भाग मोकाट सुटतात आणि चाकांच्या कितीतरी पट वेगाने फिरू शकतात. त्यांच्यापर्यंत तेल पोचवणाऱ्या बारीक वाटा मात्र कोरड्या पडत जातात.

डॅशबोर्डवरचा दिवा इथेच निर्णायक ठरतो. समजा, पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या एका ऑटोमॅटिक गाडीत खंबाटकी घाट चढताना थर्मामीटरच्या आकाराचा लाल दिवा लागला. कूलंटचा पाइप फुटला आहे आणि बॉनेटखालून वाफ येते आहे. या दिव्याची सूचना स्पष्ट असते: गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला तरी हेच करायचे असते. इंजिन वाचवायचे तर ते चालू ठेवता येत नाही आणि ते बंद ठेवून गाडी ओढली तर गिअरबॉक्सला तेल मिळत नाही. इंजिन नुसते चालू ठेवून न्यूट्रलमध्ये ओढण्याची एक जुनी युक्ती आहे. तिने पंप फिरता राहतो, पण नेमक्या या दोन दिव्यांत ती वापरता येत नाही. गिअरबॉक्सचाच दिवा लागला असेल, म्हणजे दातेरी चक्रात उद्गारचिन्ह किंवा थर्मामीटर दिसत असेल, तर ती युक्ती आणखी बेभरवशाची. तेलाचा दाब नसणे हाच मूळ बिघाड असू शकतो.

घाटातल्या त्या गाडीला कोणीतरी दोरी बांधली आणि साताऱ्यापर्यंत ४५ किलोमीटर ओढत न्यायचे ठरवले, असे धरू. चाकाचा घेर साधारण २ मीटर धरला तर तेवढ्या अंतरात चाक २२,५०० वेळा फिरेल. चाक आणि गिअरबॉक्सचा बाहेरचा दांडा यांत साधारण चारपटीचे प्रमाण असते. म्हणजे तो दांडा कोरड्या वंगणावर ९०,००० फेरे मारणार. पहिल्या काही किलोमीटरमध्ये भागांवर राहिलेला तेलाचा थर साथ देतो, म्हणून चालकाला काहीच जाणवत नाही. मग तो थर पातळ होतो. बुश तापून झिजतात, त्यांचा धातू तेलात उतरतो, एकमेकींना घासणाऱ्या क्लच प्लेटा करपतात. ताशी ३० किलोमीटरने गेले तरी हा प्रवास दीड तासाचा आहे, आणि हळू गेल्याने फेऱ्यांची संख्या कमी होत नाही. फक्त उष्णता सावकाश साठते. काही युरोपीय गाड्यांच्या पुस्तिकांत ताशी ५० किलोमीटर वेग आणि ५० किलोमीटर अंतर अशी मुभा आढळते, तर कित्येक पुस्तिकांत टोचनाला सरळ मनाई असते. म्हणून एका गाडीचा नियम दुसरीला लावता येत नाही. गंमत अशी, की पूर्वीच्या काही ऑटोमॅटिक गाड्यांत मागच्या दांड्यावर चालणारा दुसरा पंप असे. त्या गाड्या ओढता येत, ढकलून चालूही करता येत. खर्च आणि जागा वाचवण्यासाठी तो पंप गेला आणि ती सोयही गेली.

सीव्हीटी गाडीचे हाल याहून वाईट. तिच्यात दोन पुल्यांमध्ये पोलादी पट्टा असतो आणि तो घट्ट धरून ठेवण्याचे काम तेलाचा दाब करतो. अनेक सीव्हीटींमध्ये एक पुली चाकांशी कायम जोडलेली असते. दाबाविना गाडी ओढली की पट्टा पुलीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर घसरतो, त्यावर ओरखडे उमटतात, आणि असा पृष्ठभाग पुन्हा पट्टा नीट धरत नाही. एएमटी मात्र ऑटोमॅटिक म्हणून विकली जात असली तरी आतून हातगिअरचीच पेटी आहे. क्लच दाबायला आणि गिअर बदलायला फक्त माणसाच्या जागी यंत्र बसवलेले. ती खरोखर न्यूट्रलमध्ये असेल तर वंगणाची अडचण नसते. अडचण येते ती बॅटरी उतरून गाडी गिअरमध्येच अडकली असेल तर.

इलेक्ट्रिक गाडीत न्यूट्रल बहुधा नुसते नावापुरते असते. मोटर एकाच प्रमाणाच्या दातेरी चक्रांतून चाकांना कायमची जोडलेली असते आणि मधे क्लच नसतो. ‘एन’ निवडला म्हणजे संगणक मोटरला वीज देणे थांबवतो, एवढेच. चाके फिरली की मोटर फिरतेच. हल्लीच्या बहुसंख्य इलेक्ट्रिक गाड्यांत मोटरच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक असतात, आणि तारांच्या वेटोळ्यात चुंबक फिरला की वीज तयार होते. दोरीने ओढलेली इलेक्ट्रिक गाडी म्हणजे रस्त्यावर धावणारे जनित्र.

हा धोका वेगाबरोबर कसा वाढतो, हे एका हिशेबातून कळते. चाकाचा घेर २ मीटर, मोटर चाकाच्या नऊपट फिरते, आणि दर १,००० फेऱ्यांमागे मोटर ७० व्होल्ट तयार करते असे मानू. आकडे नमुन्याचे आहेत, पण वास्तवापासून दूर नाहीत. ताशी ४५ किलोमीटरला चाक मिनिटाला ३७५ वेळा फिरते, मोटर ३,३७५ वेळा, आणि तारांत सुमारे २३६ व्होल्ट उभे राहतात. गाडी बंद आहे असे समजून हात घालणाऱ्यासाठी एवढे पुरेसे घातक आहे. बॅटरी ३५० व्होल्टची असेल तर ताशी ६७ किलोमीटरच्या आसपास मोटरचा दाब तिच्याही वर जातो. एरवी एवढ्या वेगाला इन्व्हर्टर मोटरचे चुंबकीय क्षेत्र मुद्दाम कमजोर करून हा दाब आवरतो, पण बंद गाडीत तो ताबा सांभाळणारे कोणी नसते. इन्व्हर्टरमधला एखादा भाग आधीच जळून जोडला गेला असेल तर कमी वेगातही वीज वेटोळ्यातच घुमत राहते आणि मोटर तापते. त्यात कूलंटचा पंप थांबलेला असतो, आणि चक्रांना तेल पुरवणारा पंप विजेवर चालणारा असेल तर तोही.

इलेक्ट्रिक गाडीतले दिवे म्हणूनच वेगळ्या अर्थाने वाचावे लागतात. कासवाचे चित्र म्हणजे ताकद कमी केली आहे. गाडी अजून स्वतःच्या बळावर कडेला जाऊ शकते. उच्च दाबाच्या यंत्रणेचा लाल इशारा म्हणजे मोटर, इन्व्हर्टर किंवा बॅटरी यांपैकी काहीतरी बिघडले आहे, आणि अशी गाडी ओढणे म्हणजे बिघडलेल्या भागातच नवी वीज ढकलणे. बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली तर पार्किंग ब्रेक सुटत नाही, मग लोक गाडी घासत ओढतात आणि टायरही जातात. टेस्लाच्या पुस्तिका चारही चाके जमिनीपासून वर ठेवूनच गाडी न्यायला सांगतात. चाकांवर लोटायची ती फक्त फ्लॅटबेडवर चढवण्यापुरती, चालण्याच्या वेगाने. टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांतही एक चुंबकी मोटर चाकांशी कायम जोडलेली असते, त्यामुळे पेट्रोलची टाकी असली तरी टोचनाच्या बाबतीत ती गाडी इलेक्ट्रिकच्या पंगतीत बसते.

ज्या चाकांना गिअरबॉक्स किंवा मोटर जोडली आहे ती जमिनीपासून उचलली की हा प्रश्न मिटतो. पुढची चाके ओढणारी गाडी पुढून उचलली आणि हँडब्रेक सोडला, तर मागची चाके मोकळी फिरतात. क्रेनवाल्याने घाईत तीच गाडी मागून उचलली, तर तेच जुने नुकसान उलट्या तोंडाने होते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीला दोन चाकांवर नेणे चालत नाही, तिला फ्लॅटबेडच लागतो. दोन चाके उचलताना चावी चालू राहिली, तर पुढची चाके स्थिर आणि मागची फिरती असे सेन्सरना दिसते आणि एबीएसचा नवा दिवा लागू शकतो. मूळ बिघाडाशी त्याचा संबंध नसतो. तसेच इंजिन बंद ठेवून चावी फिरवल्यावर तेलाचा आणि बॅटरीचा लाल दिवा दिसणे नेहमीचेच. मेकॅनिकला सांगायचा दिवा तो, जो इंजिन चालू असताना लागला होता.

गाडी दोरीने ओढली गेली असेलच, तर ते मेकॅनिकला आधी सांगावे, कारण मूळ बिघाड दुरुस्त करून गाडी चालू केली की दुखावलेला गिअरबॉक्स लगेच कामाला लागतो. ऑटोमॅटिकचे तेल काढून पाहिले की बरेच कळते. लालसर तेल तपकिरी झाले असेल, करपल्याचा वास येत असेल किंवा चमकणारी धातूची भुकटी दिसत असेल, तर बुश आणि प्लेटा गेल्या. ‘डी’मध्ये टाकल्यावर गाडी एक-दोन सेकंद थांबून झटक्याने पकडते, किंवा इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, हीसुद्धा त्याचीच चिन्हे. सीव्हीटीमध्ये वेगानुसार चढउतरणारा कण्हल्यासारखा आवाज येतो. इलेक्ट्रिक गाडी ‘रेडी’ दाखवत नसेल किंवा इन्सुलेशनचा इशारा देत असेल, तर उच्च दाबाचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने मोटर आणि इन्व्हर्टर यांच्या तारांचा रोध मोजून होईपर्यंत ती पुन्हा चालू करून पाहायची नसते.