देणारा गेला, की मुखत्यारी संपली

बंगळूरच्या वेशीवरचा एक छोटा प्लॉट. 1986 मध्ये मालकाने तो एका बाईंना 10,250 रुपयांत द्यायचं ठरवलं. खरेदीखत मात्र झालं नाही. त्याऐवजी दोन कागद झाले : एक साठेखत, तेही नोंदणी न केलेलं, आणि एक कुलमुखत्यारपत्र, ज्यावर ‘रद्द न होणारं’ असं लिहिलं होतं. बाई निर्धास्त झाल्या. जानेवारी 1997 मध्ये मालक वारला. एप्रिल 1998 मध्ये बाईंनी त्याच मुखत्यारीच्या जोरावर प्लॉट 84,000 रुपयांना आपल्याच मुलाला विकला आणि या वेळी खरेदीखताची रीतसर नोंदणीही केली. पुढे 2003 मध्ये मालकाच्या वारसांनी तोच प्लॉट दुसऱ्याला विकला. तो हातोहात फिरून अखेर एका मुलीला वडिलांकडून बक्षीसपत्राने मिळाला. दोन्ही बाजू कोर्टात गेल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मुलाच्या हातातलं नोंदणीकृत खरेदीखत त्याला मालक करत नाही. प्लॉट त्या मुलीचाच राहिला.

नोंदणी झालेला दस्त असा कसा फोल ठरतो, हे पुष्कळांना पटत नाही. त्यासाठी मुखत्यार म्हणजे कोण ते आधी पाहायला हवं. मुखत्यार सही करतो ती स्वतःसाठी नाही. तो मालकाचा उसना हात असतो. मालकच उरला नाही, तर तो हात कुणाचा? 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 201 सांगतं, की नेमणाऱ्याच्या मृत्यूने मुखत्यारी संपते. ती रद्द करायला नोटीस लागत नाही, कुणाचा अर्ज लागत नाही. आणि मालकाच्या मृत्यूच्या क्षणीच मिळकत त्याच्या वारसांकडे जाते, मग सातबाऱ्यावर वारसनोंद व्हायला वर्ष लागो की दहा. त्या वारसांनी मुखत्याराला काहीच अधिकार दिलेला नसतो. म्हणजे 1998 मध्ये बाईंनी विकला तो वारसांचा प्लॉट, वारसांना न विचारता. नोंदणीने दस्त झाल्याची नोंद होते. विकणाऱ्याकडे जो हक्क नव्हता, तो नोंदणीने पैदा होत नाही.

मग ‘रद्द न होणारं’ या शब्दांना काहीच किंमत नाही का? त्यांना किंमत आहे, पण फार थोड्या ठिकाणी. कलम 202 म्हणतं, की ज्या मिळकतीसाठी मुखत्यारी दिली त्या मिळकतीतच मुखत्याराचं स्वतःचं हित असेल, तर त्याला बाधा येईल अशा रीतीने मुखत्यारी संपत नाही, मृत्यूनेही नाही. कायद्यातलंच उदाहरण घ्या. मी तुमचं देणं लागतो आणि तुम्हाला अधिकार देतो, की माझी जमीन विका आणि आलेल्या पैशातून तुमचं कर्ज वळतं करून घ्या. मी मेलो तरी हा अधिकार टिकतो. बंगळूरच्या बाईंनी याचाच आधार घेतला होता. न्यायालयाने मथळ्यापेक्षा मजकूर पाहिला. मिळकतीची देखभाल करावी, कर भरावेत, विक्री करावी, असे अधिकार त्यात होते. ते बाईंच्या स्वतःच्या हितासाठी दिले, असं त्या कागदात कुठेच नव्हतं. मग ती साधी मुखत्यारी ठरली. साठेखतानेही मालकी येत नाही. तिथे खरेदीखत करून घेण्यापुरता हक्क असतो आणि तो मुदतीत मागावा लागतो.

एक अपवाद सांगायलाच हवा. कलम 208 नुसार मुखत्यारी संपल्याचा परिणाम मुखत्याराला ते कळल्यावर आणि तिसऱ्या माणसाला त्याला कळल्यावर लागू होतो. मालक परगावी वारला आणि ते ठाऊक नसताना मुखत्याराने त्याच्या सांगण्यावरून कुणाला पैसे दिले, तर ते देणं वारसांना मान्य करावं लागतं. पण याच्या भरवशावर घर घेऊ नये. मृत्यू खरंच कळला नव्हता की नाही, याचा निकाल लागेपर्यंत कोर्टात वर्षं जातात.

आपल्याकडे नोंदणीच्या वेळी दुय्यम निबंधकासमोर मुखत्यार घोषणापत्र देतो, की मुखत्यारपत्र देणारा हयात आहे आणि त्याने ते रद्द केलेलं नाही. ते मुखत्याराचं स्वतःचं म्हणणं असतं. निबंधक मालकाच्या घरी जाऊन खात्री करत नाही. ते काम खरेदीदाराचं, आणि माझ्या मते तेच सर्वांत जास्त टाळलं जातं. मुखत्यारपत्र दहा-पंधरा वर्षांचं असेल, मालक वयस्क किंवा परदेशी असेल, तर सहीच्या आठवड्यात त्याच्याशी स्वतः बोला, व्हिडिओ कॉलवर का होईना. ‘त्यांना त्रास नको’ असं मुखत्यार सांगत असेल, तर तिथेच थांबा. मालक गेल्याचं कळलं, तर जुनं मुखत्यारपत्र बाजूला ठेवून सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, किंवा त्यांच्याकडून नवं मुखत्यारपत्र करून घ्या. एकाही वारसाची सही राहिली, तर त्याचा हिस्सा तुमच्याकडे येत नाही.