सर्किटशी ओळख – भाग ११ : शेवटची ओळ आधी वाचा

मेश आणि नोड या दोन्ही रीतींनी समीकरणं कशी मांडायची, ते मागच्या दोन भागांत आपण पाहिलं. या आठवड्यात थेवेनिनची ओळख करून देऊन मग हळूहळू पुढे सरकायचं, असा माझा बेत होता. पण मधल्या काळात दुसऱ्या वर्षाची चाचणी झाली आणि तिच्यातल्या एका गणितानं वर्गाचा निम्मा वेळ खाल्ला. पेपर तपासून मीच वैतागलो. शेवटी अंतिम वर्षातल्या एका मुलीला म्हटलं, तूच येऊन बोल यांच्याशी, माझं ऐकून ऐकून यांचे कान किटलेत. ती आली, वीस मिनिटं बोलली आणि गेली. मी शेवटच्या बाकावर बसून ऐकत होतो. ती जे बोलली तेच आज लिहितो.

तिनं फळ्यावर चाचणीतलंच सर्किट काढलं. पतंगासारखा चौकोन: वरचं टोक अ, खालचं क, डावीकडचं ब आणि उजवीकडचं ड. अ आणि क यांच्यामध्ये १२ व्होल्टची बॅटरी. डाव्या बाजूला अ ते ब ३ किलोओहम आणि ब ते क ६ किलोओहम. उजव्या बाजूला अ ते ड ४ आणि ड ते क पुन्हा ४. मधोमध ब आणि ड यांना जोडणारा १ किलोओहमचा रेझिस्टर. म्हणजे आपला व्हीटस्टनचा ब्रिज, फक्त न जुळलेला.

“मेशनं कुणी कुणी केलं?” तिनं विचारलं. जवळजवळ सगळे हात वर.

“का?”

कुणी बोलेना. मग मागून एक जण म्हणाला, “ताई, मेशच येतं.”

वर्ग हसला, तीही हसली. “मलाही तेवढंच यायचं. चित्रात तीन खिडक्या दिसल्या की तीन लूप काढायचे आणि सुटायचं.” मग तिनं त्यांनीच लिहिलेली समीकरणं फळ्यावर उतरवली. रोध किलोओहममध्ये, करंट मिलीअँपियरमध्ये:

```
 9·I1 - 3·I2 -  6·I3 = 12
-3·I1 + 8·I2 -  1·I3 = 0
-6·I1 - 1·I2 + 11·I3 = 0
```

“यात काही चूक नाही. डिटरमिनंट ३६० येतो. बॅटरीतून २.९, वरच्या लूपमध्ये १.३, खालच्या लूपमध्ये १.७. वजाबाकी केली की मधल्या रेझिस्टरचा करंट ०.४ मिलीअँपियर. ज्यांचं बरोबर आलं त्यांना दहा-बारा मिनिटं लागली असतील. आता प्रश्नाची शेवटची ओळ वाचा.”

शेवटची ओळ अशी होती: मधला रेझिस्टर १, ४ आणि ६ किलोओहम असताना त्यातून वाहणारा करंट काढा.

हे तिनं फार छान दाखवलं. मधला आकडा बदलला की समीकरणांतल्या एकदम चार जागा बदलतात. ४ किलोओहमसाठी ८ चे ११ होतात, ११ चे १४ होतात आणि दोन ठिकाणच्या वजा १ चे वजा ४. म्हणजे नवा डिटरमिनंट, पुन्हा दहा मिनिटं. ६ साठी आणखी एकदा. “आणि एवढं करून बॅटरीचा करंट तुम्ही तीन वेळा काढलात. तो कुणी विचारलाच नव्हता!”

आपली सवय सांगते म्हणाली: गणित हातात आलं की आधी शेवटची ओळ वाचते, मग चित्र बघते. काय मागितलंय, एका फांदीतलं की सगळ्या फांद्यांमधलं? एकदाच मागितलंय की आकडे बदलून बदलून? मग मोजते. फांद्या सहा, नोड चार. सहातून चार वजा, अधिक एक, म्हणजे मेशची तीन समीकरणं. नोडनं करायचं तर चारपैकी एक जमिनीला, उरले तीन. पण क जमिनीला धरला तर अ चा व्होल्टेज बॅटरीनंच सांगून टाकलाय, १२. म्हणून अज्ञात फक्त दोनच, ब आणि ड. “एवढं मोजायला अर्धं मिनिट लागतं. मेशला तीन, नोडला दोन. आणि विचारलंय एकाच फांदीबद्दल, तेही तीन वेळा. मग ती फांदीच बाजूला का काढू नये?”

तिनं डस्टरनं मधला रेझिस्टर पुसला. आता उरले दोन सरळ खांब, दोन्ही थेट बॅटरीवर उभे, एकमेकांशी देणंघेणं नाही. डाव्या खांबात ३ आणि ६, म्हणून ब वर १२ चे दोन-तृतीयांश, म्हणजे ८ व्होल्ट. उजवीकडे ४ आणि ४, म्हणून ड वर ६. फरक २ व्होल्ट. हा थेवेनिनचा व्होल्टेज, तोंडी निघाला.

मग रोध. बॅटरीच्या जागी तार टाकायची आणि ब-ड मधून आत बघायचं. इथे ती थांबली आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं, किती? तो म्हणाला, ३ आणि ६ मिळून ९, ४ आणि ४ मिळून ८, दोन्ही समांतर, साधारण ४.२४.

“मी हेच लिहिलं होतं,” ती म्हणाली. “आणि ही चूक फार लबाड आहे. या आकड्यानं करंट ०.३८ येतो आणि खरं उत्तर ०.४. इतकं जवळ, की संशयच येत नाही.”

चूक कुठे आहे ते तिनं चित्र पुन्हा काढून दाखवलं. ४.२४ हा बॅटरीला दिसणारा रोध आहे, आपण मात्र ब-ड मधून बघतोय. बॅटरीच्या जागी तार आली की अ आणि क हे एकच टोक झालं. तेव्हा ३ चं एक टोक ब वर आणि दुसरं त्या सामाईक टोकावर. ६ चंही तसंच. दोन्ही टोकं सारखी म्हणून ते समांतर: २ किलोओहम. उजवीकडे ४ आणि ४ समांतर, तेही २. ब पासून ड पर्यंत जाताना हे दोन २ एकामागोमाग लागतात, म्हणून ४. कागदावर रेघ सरळ दिसली म्हणून रेझिस्टर सिरीजमध्ये नसतात, टोकं बघावी लागतात.

आता ब-ड मधून बघता सगळं सर्किट म्हणजे रांगेतले २ व्होल्ट आणि ४ किलोओहम, आणि बाहेर जे असेल ते. १ असेल तर २ भागिले ५, म्हणजे ०.४. ४ असेल तर ०.२५. ६ असेल तर ०.२. तिन्ही उत्तरं मिळून दोन ओळी. शिवाय एक कुंपण फुकटात मिळतं: मधे नुसती तार टाकली तरी करंट २ भागिले ४, म्हणजे ०.५ च्या वर जाऊच शकत नाही. कुणाच्या पेपरात ०.७ आलं असेल तर पुढं तपासायची गरज नाही, चूक आहेच. आणि ब वर ८, ड वर ६, म्हणून करंट ब कडून ड कडे. चिन्हाची भानगडही मिटली.

इथे माझी एक पुरवणी. मेशनं हे उत्तर दोन जवळजवळच्या आकड्यांच्या वजाबाकीतून येतं. मधे ४ किलोओहम असताना ते दोन करंट १.६२५ आणि १.३७५ आहेत. कंटाळून कुणी एका दशांशावर आणले, १.६ आणि १.४, तर फरक ०.२ येतो. खरं उत्तर ०.२५. प्रत्येक आकड्यात दोन टक्क्यांच्याही आत चूक, उत्तरात वीस टक्के. ब्रिज जितका जुळत येईल तितकं हे वाढत जातं. वाण्याच्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात लोड सेल असतो, त्यातही असाच ब्रिज असतो आणि तो जवळजवळ जुळलेलाच ठेवलेला असतो. तिथे थेट ब-ड मधला फरक मोजतात, दोन मोठे आकडे वजा करत बसत नाहीत.

तेवढ्यात एका मुलीनं अगदी योग्य प्रश्न विचारला. “ताई, मग ब्रिज दिसला की थेवेनिनच लावायचं ना?”

ताईनं उत्तर दिलं नाही. बॅटरीच्या वरच्या तारेत १ किलोओहमचा एक रेझिस्टर काढला, बॅटरीचा आतला रोध म्हणून, आणि मधला रेझिस्टर परत १ चाच ठेवला. “आता सांग. करंट एकदाच काढायचाय.”

मुलगी उत्साहानं निघाली. व्होल्टेज निघाला. मग रोधासाठी तिनं बॅटरीच्या जागी तार टाकली आणि अडकली. अ आणि क आता एक टोक राहिले नव्हते. त्यांच्यामध्ये १ किलोओहम उभा होता. ब-ड मधून बघितलं तर समोर पुन्हा एक ब्रिजच! जे टाळायला निघालो तेच दारात उभं.

“नोड मोज,” ताई म्हणाली. अ आता ठाऊक नाही, म्हणून दोनाचे तीन झाले. मेश मात्र तीनच्या तीनच. आणि समीकरणांत बदलतं काय? पहिल्या ओळीतल्या ९ चे १०, बस्स. डिटरमिनंट ३६० चा ४४७ होतो आणि करंट १४४ भागिले ४४७, म्हणजे ०.३२. “ज्या मेशला मघाशी नावं ठेवली, तीच इथे सगळ्यांत स्वस्त.”

मी बाकावरून न राहवून विचारलं, आणि या सर्किटमध्येही तीन वेगवेगळे रेझिस्टर दिले तर? तिनं मान डोलावली. तेव्हा थेवेनिनकडेच परत यायचं, पण रोध आत बघून शोधायचा नाही. ब आणि ड मध्ये नुसती तार टाकायची. मग ३ आणि ४ समांतर, ६ आणि ४ समांतर, त्यांच्या रांगेत १. सगळं साधं होऊन जातं. तारेतून ०.४०२ मिलीअँपियर वाहतो. उघड्या टोकांवरचा व्होल्टेज १.६१८. भागाकार केला की ४.०२ किलोओहम, ब्रिज न सोडवता. हे मात्र मी वर्गात शिकवलेलं नव्हतं. तिनं कुठल्यातरी जुन्या पेपरशी झटापट करताना शोधून काढलं असणार.

जाताना ती एवढंच म्हणाली, की परीक्षेत ती उत्तराच्या वर कोपऱ्यात पेन्सिलनं दोनच आकडे लिहिते: मेश किती, नोड किती. त्याखाली शेवटच्या ओळीत काय मागितलंय त्याचा एक शब्द. रीत ठरली की ते खोडून टाकते.

वाचकांसाठी याच ब्रिजचं एक गणित ठेवतो. आतल्या रोधाचं सर्किट घ्या, १ किलोओहमसह, आणि या वेळी मधल्या फांदीऐवजी बॅटरीतून निघणारा करंट काढा. कागदावर आधी रीत लिहा, मग सोडवा. मेश लावली तर अपूर्णांकात १०४४ भागिले ४४७ येईल. पुढच्या आठवड्यात दोन अज्ञात नोडांच्या मधोमध बॅटरी बसली तर काय करायचं, ते पाहू.