नंबर आपला, ताबा दुसऱ्याचा

27 डिसेंबर 2018च्या रात्री मुंबईत, माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याच्या मोबाइलवर सहा मिस्ड कॉल आले. सकाळी त्यांनी उलट फोन लावून पाहिला, तर सिम बंद. कंपनीकडे चौकशी केल्यावर कळले, की आदल्या रात्री सव्वाअकराच्या सुमारास त्यांच्याच नावाने सिम बदलून द्यायची विनंती आली होती. ती त्यांनी केलेलीच नव्हती. बँकेत पोहोचेपर्यंत 28 व्यवहारांतून 1 कोटी 86 लाख रुपये देशभरातल्या वेगवेगळ्या खात्यांत गेले होते. त्यातले सुमारे 20 लाख बँकेला अडवता आले.

ही बातमी आपल्याकडे कोल्हापुरातही व्हॉट्सअ‍ॅपवरून खूप फिरली, पण लोकांच्या लक्षात राहिले ते मिस्ड कॉल. ‘अनोळखी नंबरला उलट फोन करू नका, पैसे जातात’ असे आजही गुजरीत आणि लक्ष्मीपुरीत ऐकायला मिळते. पैसे मिस्ड कॉलने गेले नव्हते. ते गेले सिम बदलल्यामुळे, आणि नेमके तेच समजून घेणे गरजेचे आहे.

सिमकार्डात दोन गोष्टी असतात: पंधरा आकडी ओळखक्रमांक आणि एक गुप्त किल्ली. ती किल्ली कार्डातून बाहेर काढणे फार अवघड असते. आपला दहा आकडी मोबाइल नंबर मात्र खरे तर कार्डात नसतो. तो कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेला असतो: अमुक नंबर, अमुक सिम. आपले कार्ड हरवले, की दुकानदार नवे कोरे कार्ड काढतो, कंपनी त्या नोंदीतले सिम बदलते आणि जुने कार्ड निकामी होते. सोय चांगलीच आहे. फसवणूक करणाऱ्यालाही आपल्या फोनमध्ये शिरावे लागत नाही, कार्डाची नक्कल करावी लागत नाही. ती एक नोंद बदलून घेतली, की झाले. त्यानंतर बँकेचा ओटीपी निघतो आपल्या नंबरवर आणि पोहोचतो त्याच्या खिशात. बँकेच्या दृष्टीने सगळे सुरळीत असते, कारण तिने संदेश बरोबर नंबरवरच पाठवलेला असतो.

नोंद बदलून घ्यायचे मार्ग ठरलेले आहेत. खोटे आधार कार्ड आणि दुसऱ्याचा फोटो घेऊन एखाद्या दुकानात जायचे, किंवा दुकानातल्याच माणसाला सामील करून घ्यायचे. तिसरा मार्ग आपल्याच हाताने होतो. ‘सर, तुमचं सिम फाइव्ह-जी करायचंय, नाहीतर रात्री बंद पडेल,’ असा फोन येतो. समोरचा माणूस वीस आकडे सांगतो आणि ते 121वर एसएमएस करायला लावतो. मग कंपनीचा खात्री करणारा निरोप येतो आणि आपण 1 दाबतो. ते वीस आकडे त्याच्या हातातल्या कोऱ्या सिमचे असतात. आता ई-सिम आल्याने कोरे कार्डही लागत नाही. ‘हा ईमेल पत्ता 121वर पाठवा’ एवढे सांगितले तरी त्याचे काम होते.

इथे एक गोष्ट विसरली जाते. नुसता ओटीपी मिळून खाते रिकामे होत नाही. नेट बँकिंगचा पासवर्ड त्याच्याकडे आधीच असावा लागतो, आणि तो बहुधा खोट्या लिंकवरून किंवा फोनमध्ये शिरलेल्या अ‍ॅपमधून गेलेला असतो. म्हणजे सिम बंद पडते तेव्हा चोरीची अर्धी तयारी कधीच झालेली असते. काही खात्यांना मात्र हा पासवर्डही लागत नाही. ईमेलचे ‘पासवर्ड विसरलात?’ दाबले की कोड नंबरवर येतो, आणि ईमेल हाती आला की इतर बऱ्याच खात्यांचे पासवर्ड त्यावरून बदलता येतात. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्या खात्यावरून ऑगस्ट 2019मध्ये भलतेसलते संदेश गेले, तेही त्यांचा नंबर दुसऱ्याच्या हाती गेल्यामुळे.

सरकारने यावर एक चांगला उपाय केला आहे. सिम बदलल्यावर नव्या कार्डावर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवायचे, असा आदेश दूरसंचार विभागाने कंपन्यांना दिला आहे. 1 जुलै 2024 पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडेही नेता येत नाही. पण काही सेवा कोड फोन करून सांगतात, त्यांना एसएमएसची बंदी लागू होत नाही. आणि ते 24 तास उपयोगी पडतात फक्त त्यालाच, ज्याला आपले सिम गेल्याचे कळले आहे.

कळायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. समजा, शाहूपुरीतल्या गूळ व्यापाऱ्याचे सिम संध्याकाळी बदलले गेले. दुकानात वाय-फाय, घरी वाय-फाय. व्हॉट्सअ‍ॅप चालू, यूट्यूब चालू. वरच्या कोपऱ्यातल्या सिग्नलच्या दांड्या गेल्या आहेत आणि तिथे ‘सेवा नाही’ दिसते आहे, हे सकाळपर्यंत ध्यानातही येत नाही. म्हणून सिग्नल अचानक गेला आणि शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला तो आहे, तर टॉवरवर ढकलून मोकळे होऊ नका. फोन एकदा बंद करून चालू करा. तरीही सिग्नल येत नसेल, तर घरातल्या दुसऱ्या फोनवरून आपल्याच नंबरला फोन लावा. रिंग वाजली आणि आपला फोन गप्प राहिला, तर सिम गेले असे समजा.

मग क्रम असा ठेवा: आधी बँकेला सांगून नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करायचे, मग 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन, मग सिम कंपनीला. दुकान उघडायची वाट पाहू नका. डिसेंबर 2024मध्ये कांदिवलीच्या एका कंपनीचे याच पद्धतीने साडेसात कोटी गेले, पण 1930वर लगेच तक्रार झाल्याने त्यातले 4 कोटी 65 लाख पुढे जाण्याआधी गोठवता आले. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017च्या परिपत्रकानुसार, दोष आपला किंवा बँकेचा नसेल आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा, पुढचे सारे त्यावर चालते.

आधी करून ठेवण्याजोग्या गोष्टींत ईमेल सर्वांत महत्त्वाचा. त्याचा कोड एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर घ्या. हे अ‍ॅप फोनमध्ये साठवलेली गुप्त किल्ली आणि घड्याळ यांवरून दर तीस सेकंदांनी नवा कोड तयार करते. नंबर कुणाकडेही गेला तरी हा कोड आपल्याच फोनमध्ये राहतो. पासकी ठेवता आली तर त्याहून उत्तम. पण अ‍ॅप लावूनही ‘दुसरा पर्याय’ म्हणून मोबाइल नंबर तसाच ठेवला, तर चोर तोच पर्याय निवडतो. तो काढून टाका आणि बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा, नाहीतर फोन हरवल्यावर आपणच बाहेर राहू. व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन लावा. फोनमधला सिम पिन फोन चोरीला गेल्यास उपयोगी आहे, सिम बदलून घेण्यावर मात्र त्याचा काही इलाज नाही.

बँकेच्या बाबतीत आपल्या हातात कमी आहे, कारण अजून बऱ्याच ठिकाणी ओटीपी एसएमएसनेच येतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2025च्या निर्देशांत, ज्यांच्या अंमलाची तारीख 1 एप्रिल 2026 ठरवली होती, एसएमएसखेरीज इतर मार्गांना वाव दिला आहे. जिथे ओटीपी एसएमएसनेच येतो, तिथे रोजच्या व्यवहाराची मर्यादा गरजेपुरती ठेवा, व्यवहाराचे निरोप ईमेलवरही मागवा, आणि मोठी रक्कम असलेल्या खात्याला दुकानाच्या पाटीवर किंवा बिलावर छापलेला नंबर जोडू नका. तो नंबर गावाला माहीत असतो. संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघता येते. अनोळखी दिसले तर तिथेच कळवा.

या दिवाळीत बँकांना सुट्टी असेल आणि फोनवर शुभेच्छांचा पाऊस पडत असेल. तेवढ्यातही पाच मिनिटे काढा आणि घरातल्या प्रत्येकाच्या ईमेल खात्यातून मोबाइल नंबरचा पर्याय काढून टाका. आईवडिलांच्या फोनमध्ये 1930 हा नंबर आजच जोडून ठेवा.