दुप्पट आकाराचा बॅनर, रेखीव अक्षरे

ईमेलच्या माथ्यावरचा बॅनर सहसा ६०० पिक्सेल रुंदीचा आखतात. ही झाली मांडणीतली रुंदी. फोनच्या पडद्यावरचे खरे ठिपके त्याहून बरेच जास्त असतात. आयफोन १४ चा पडदा मांडणीच्या हिशेबाने ३९० पिक्सेल रुंद आहे, पण दर पिक्सेलमागे आडवे तीन ठिपके असल्यामुळे रुंदीत ११७० ठिपके भरतात. तेवढ्या जागेत ६०० पिक्सेलचे चित्र ताणले, की मधले ठिपके फोनला अंदाजाने रंगवावे लागतात. फोटोतल्या पणत्यांना ते चालून जाते. अक्षरांच्या कडा मात्र धुरकट होतात, आणि देवनागरीत अनुस्वार व रफार आधी गिचमिडतात. १२०० पिक्सेलचे चित्र त्या ११७० ठिपक्यांत जवळजवळ नेमके बसते, म्हणून तिप्पट आकाराची गरज सहसा पडत नाही.

समजा, एखाद्या साडीच्या दुकानाकडे गेल्या दिवाळीचा ६०० × २०० चा जेपीजी बॅनर आहे आणि त्यावरची फक्त तारीख बदलायची आहे. तारीख बदलून तीच फाइल १२०० × ४०० केली, तर आकडा वाढतो, तपशील वाढत नाही. मूळ डिझाइन फाइल असेल तर तारीख तिच्यात बदलावी आणि एक्स्पोर्ट करताना 2x निवडावे. नसेल तर फोटो मोठा करून घ्यावा, जुना मजकूर पुसावा आणि सगळी अक्षरे १२०० च्या कॅनव्हासवर नव्याने टाइप करावीत. फोटो थोडा मऊ राहील, पण अक्षरे स्वच्छ येतील.

ईमेलमध्ये बसवताना रुंदी पुन्हा ६०० च सांगायची असते:

```html
<img src="diwali.png" width="600"
 alt="दिवाळी सवलत"
 style="width:100%;max-width:600px;height:auto">
```

यातले `width="600"` गाळले, तर विंडोजवरचे जुने आउटलुक स्टाइलमधली मर्यादा जुमानत नाही आणि बॅनर पूर्ण १२०० पिक्सेलवर पसरतो.

आणखी एक हिशेब बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ६०० चा बॅनर फोनवर ३९० मध्ये आवळला जातो, म्हणजे दोन-तृतीयांशाहूनही कमी. १२०० च्या कॅनव्हासवर ३२ पिक्सेलची अक्षरे तिथे जेमतेम १० ची उरतात. ती रेखीव असतील, पण वाचायला चष्मा लागेल. बारीक मजकूरही ४८ च्या खाली नेऊ नये. अटी-शर्ती तर चित्रात न घालता ईमेलच्या मजकुरातच लिहाव्यात.

दुप्पट रुंदी म्हणजे चौपट पिक्सेल, त्यामुळे फाइलही फुगते. सपाट रंगावर अक्षरे असतील तर पीएनजी हलकी आणि स्वच्छ राहते. फोटो असेल तर जेपीजी घ्यावी लागते, पण जास्त दाबल्यास अक्षरांभोवती डागांची झालर उमटते. लाल अक्षरांवर ती सर्वांत आधी दिसते, कारण जेपीजी उजेडापेक्षा रंगाचा तपशील जास्त कापते. चाचणीचा ईमेल फोनवर उघडून बॅनरवरची तारीख डोळ्यांजवळ धरून पाहावी: सगळ्याच कडा मऊ दिसल्या तर चित्र लहान आहे, कडेला डाग दिसले तर दाब जास्त झाला आहे.