श्वियोंतेकचे स्पेलिंग आणि उच्चार

इगा श्वियोंतेकने 2020 मध्ये फ्रेंच ओपन जिंकली, तेव्हापासून मराठी बातम्यांत तिचे आडनाव ‘स्विआटेक’, ‘स्वियातेक’, ‘श्वियांतेक’ असे फिरते आहे. कारण साधे आहे. पोलिश अक्षरांवरची-खालची चिन्हे इंग्रजी मजकुरात अनेकदा गळतात आणि उरते Swiatek. मूळ Świątek मध्ये पहिले अक्षर ‘श’ आहे, शेपटीवाला a ‘त’पूर्वी ‘ओं’ होतो आणि t आपल्या ‘त’सारखा दंत्य आहे. w इथे ‘फ’कडे झुकतो, पण ‘श्फ्यों’ मराठी वाचक अडखळत वाचेल. म्हणून मी ‘श्वियोंतेक’ला कौल देईन.

लेख वावेंसा यांचेही तसेच झाले. त्यांच्या Wałęsa मधला छेद दिलेला l ‘व’ उच्चारतात, तरी मराठीत ‘वालेसा’ रुजले. इतके रुजलेले रूप बदलायचे असेल तर काही दिवस कंसात जुने द्यावे, नाहीतर वाचकाला माणूसच नवा वाटतो.

एकाच अंकात क्रीडापानावर एक आणि पहिल्या पानावर दुसरे रूप छापले, तर वर्षभराने शोधताना निम्म्या बातम्या सापडत नाहीत. उपसंपादकांनी अशा नावांची सामाईक यादी ठेवावी आणि मूळ स्पेलिंग शेजारीच लिहावे.