शेफच्या प्रोफाइलमधली आकडेमोड

शेफच्या जागेसाठी येणाऱ्या प्रोफाइलमध्ये एक वाक्य वारंवार दिसतं: ‘रोज १००० कव्हर्स सांभाळले.’ कव्हर म्हणजे जेवायला बसलेला एक पाहुणा. टेबलावर चौघे असतील तर चार कव्हर्स, मग त्यांनी दोन पदार्थ मागवोत की दहा. हे वाक्य वाचणारा मुख्य शेफ लगेच खुर्च्यांचा आकडा शोधतो. तो ८० असेल, तर दिवसभरात प्रत्येक खुर्चीवर बारा-तेरा जण जेवून उठले, असा त्याचा अर्थ होतो. गर्दीच्या उडपी हॉटेलात हे घडू शकतं. बिझनेस हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये घडत नाही. लग्नाच्या पंगती आणि रेस्टॉरंटचं जेवण एकत्र मोजलं गेलंय, हे त्याला तिथेच कळतं.

म्हणून चांगल्या प्रोफाइलची सुरुवात हॉटेलच्या प्रकारापासून होते. केंद्रीय पर्यटन मंत्रालय हॉटेलांना एक ते पाच तारे देतं. १९५० पूर्वीच्या वाडे-राजवाड्यांतल्या हॉटेलांसाठी हेरिटेज हा वेगळा वर्ग आहे. पण हे वर्गीकरण ऐच्छिक असल्याने पाटीवरच्या ताऱ्यांमागे प्रमाणपत्र असेलच असं नाही. ‘फोर स्टार’ एवढंच लिहिण्यापेक्षा ‘बिझनेस हॉटेल, १२० खोल्या, ८० खुर्च्यांचं दिवसभर चालणारं रेस्टॉरंट, एक बँक्वेट हॉल’ ही ओळ जास्त सांगते. पुढचे सगळे आकडे याच ओळीवर तपासले जातात.

अशाच एका हॉटेलातल्या सू शेफचं, म्हणजे मुख्य शेफच्या खालच्या शेफचं, उदाहरण मांडून पाहू. सरासरी ७० टक्के खोल्या भरतात, म्हणजे ८४. कामानिमित्त येणारे बरेच पाहुणे एकटेच असतात, त्यामुळे खोलीमागे १.४ माणसं धरली तर हॉटेलात ११७-११८ पाहुणे होतात. त्यांतले सुमारे १०० नाश्त्याला उतरतात. दुपारी ६० आणि रात्री ९० जेवतात. दिवसाचे २५० कव्हर्स झाले. महिन्याला आठ समारंभ आणि प्रत्येकी २०० पानं धरली, तर बँक्वेटचे १६०० होतात. ते वेगळ्या ओळीत लिहायचे, कारण काम वेगळं आहे. बँक्वेटला मेनू आधीच ठरलेला असतो आणि सगळी पानं एकदम वाढायची असतात. रेस्टॉरंटमध्ये मात्र प्रत्येक ऑर्डर स्वतंत्र बनते.

टीमच्या आकड्यातही अशीच गल्लत होते. या किचनमध्ये २२ स्वयंपाकी आहेत: पाच सीडीपी, म्हणजे एकेक विभाग सांभाळणारे, सहा त्यांचे मदतनीस डेमी, आणि अकरा शिकाऊ पायरीवरचे कॉमी. आठवडी सुटीमुळे रोज तिघे नसतात आणि एखादा रजेवर असतो. उरलेले अठरा सकाळ, संध्याकाळ आणि रात्रीत वाटले जातात. रात्रीच्या जेवणाच्या वेळी प्रत्यक्ष आठ जण उभे असतात. आठ जणांनी ९० पाहुण्यांना जेवू घातलं, हे पटण्याजोगं आहे. भांडी आणि सफाईचा विभाग स्टुअर्डिंगकडे असतो. ती माणसं जोडून टीम ४० ची करू नये. मुलाखतीत ‘ड्युटी रोस्टर कोण लावायचं?’ असं विचारलं की खरं उत्तर बाहेर येतं. जो रोस्टर लावतो, टीम त्याच्या हाताखाली.

सर्वांत फसवा आकडा रेटिंगचा. समजा, शेफ रुजू झाला तेव्हा हॉटेलला ५ पैकी ४.० रेटिंग होतं आणि १००० अभिप्राय होते. त्याच्या वर्षात आलेल्या २०० अभिप्रायांची सरासरी ४.६ निघाली. साधी सरासरी काढली तर एकूण रेटिंग फक्त ४.१ होतं. वर्षभराचं चांगलं काम जुन्या हजार अभिप्रायांखाली दबून जातं. म्हणून कोणत्या संकेतस्थळावरचं, किती पैकी, कोणत्या काळातलं आणि किती अभिप्रायांचं रेटिंग हे चारही तपशील द्यावेत. एकूण रेटिंगमध्ये खोलीची सफाई, चेक-इनला लागलेला वेळ, वायफाय असं सगळं येतं, आणि त्याचं श्रेय किंवा दोष किचनचा नाही. शेफने रेस्टॉरंटचं किंवा जेवणाचं वेगळं रेटिंग असेल तेच घ्यावं. हॉटेल मॅनेजरला मात्र एकूण रेटिंग लिहिण्याचा पूर्ण हक्क आहे, कारण या सगळ्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. त्याने सोबत भरलेल्या खोल्यांची टक्केवारी आणि खोलीमागचा सरासरी दरही द्यावा. दर खाली आणून खोल्या भरल्या असतील, तर ते या दोन आकड्यांतून दिसतं.

आता आपल्या सू शेफचा मजकूर असा होईल: ‘बिझनेस हॉटेल, १२० खोल्या. रेस्टॉरंट ८० खुर्च्या, रोज सरासरी २५० कव्हर्स. बँक्वेट महिन्याला सुमारे १६०० पानं. स्वयंपाकी २२, रात्रीच्या सर्व्हिसला ८. रोस्टरची जबाबदारी माझी. रेस्टॉरंटचं रेटिंग वर्षभरातल्या २०० अभिप्रायांवर ५ पैकी ४.६.’ यात संकेतस्थळाचं नाव आणि महिने भरले की काम झालं. १००० पेक्षा २५० हा आकडा लहान दिसतो, पण खोल्या, खुर्च्या आणि माणसं यांच्याशी तो जुळतो. किचन चालवलेल्या माणसाचा विश्वास त्यावरच बसतो.