आजारपणात साखर किती वेळा तपासायची?

"पोटात अन्नाचा कण नाही, मग साखर वाढेलच कशी?" मधुमेह असलेल्या माणसाला ताप किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले की घरात हा प्रश्न हमखास निघतो. त्या प्रश्नापाठोपाठ दोन गोष्टी होतात. इन्सुलिन बंद केलं जातं आणि ग्लुकोमीटर कपाटात जातो, कारण 'आता खाणंच नाही तर तपासायचं काय?' त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या घरात याच्या नेमकं उलट घडत असतं. माणूस काही खात नसला तरी रोजची गोळी मात्र वेळेवर दिली जाते. दोन्हीकडे धोका आहे, आणि कोणत्या घरात कोणता धोका आहे हे बोटाच्या टोकावरच्या थेंबाशिवाय कळत नाही.

आधी साखर वाढते का, ते पाहू. ताप आला की शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन अशी संप्रेरकं जास्त सोडतं. ती यकृताला साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतात, नवी साखरही तयार करायला लावतात आणि वर इन्सुलिनचा असरही कमी करतात. त्यामुळे दिवसभर फक्त पाण्यावर असलेल्या माणसाची साखर २८० दिसू शकते. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं की रक्त आणखी घट्ट होतं, मूत्रपिंडांना रक्त कमी पोचतं आणि साखर अधिकच चढते. हे झालं एका बाजूचं. दुसऱ्या बाजूला पोटात गेलेली गोळी किंवा टोचलेलं इन्सुलिन आपलं काम करतच असतं. खाल्लेलं उलटून पडलं किंवा ताप उतरला, की तेच औषध साखर झपाट्याने खाली ओढतं. म्हणजे एकाच दिवसात एकाच माणसाची साखर दोन्हीकडे जाऊ शकते. एरवी आठवड्यातून दोनदा पाहिलेला आकडा पुरत असेल, पण आजारपणात तो चार तासांनीच शिळा होतो.

म्हणून इन्सुलिन घेणाऱ्यांनी, आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड यांसारख्या साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, आजारपणात दर चार तासांनी साखर पाहावी. यात रात्रही आली. गजर लावून उठावं लागलं तरी उठावं. ज्यांना टाइप १ मधुमेह आहे, त्यांनी दर दोन ते चार तासांनी पाहावं. फक्त मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिनसारख्या गोळ्यांवर असलेल्यांची साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. त्यांना दिवसातून तीन-चार वेळा पुरतं. पण उलट्या थांबत नसतील तर त्यांनीही जास्त वेळा पाहावं. आणि कोणाच्याही बाबतीत आकडा २५०च्या वर गेला, १००च्या खाली आला किंवा एकदम घसरला, तर पुढची तपासणी चार तासांनी नव्हे, एक-दोन तासांतच करावी.

हा 'एकदम घसरला' म्हणजे काय, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ आहेत. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, रात्री ग्लार्जिन इन्सुलिन १६ युनिट. पावसाळ्यात बाहेरचं काही खाण्यात आलं आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप चढला. रात्री आठला पहिली उलटी, तेव्हा साखर १९८. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रात्रीचं इन्सुलिन नेहमीइतकंच घ्यायला सांगितलं. मध्यरात्री आकडा २५४ झाला, आणि पोटात ओआरएसच्या एका पेल्याशिवाय काही नव्हतं. पहाटे चारला २८१. आकडा २५०च्या वर असल्यामुळे मुलाने लघवीत किटोनची पट्टी बुडवून पाहिली. रंग फारसा बदलला नाही. सहाला २७६. सकाळी आठला २६२, अंगात १०२ ताप.

इथे चूक झाली. साखर एवढी वाढलेली पाहून घरच्यांनी पॅरासिटामॉलबरोबर रोजची गोळीही देऊन टाकली. तासाभराने घाम येऊन ताप उतरला. थोडी पेज घेतली, ती उलटून पडली. दुपारी बाराला मीटरवर १०४ आलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. एरवी १०४ हा देखणा आकडा आहे. पण चार तासांत २६२वरून १०४वर आलेली साखर तिथे थांबणार नसते, आणि पोटात तिला थोपवायला काहीच नव्हतं. पुढची वेळ चारची म्हणून वाट पाहिली असती तर त्यांना झोपेतच शुद्ध हरपलेल्या अवस्थेत पाहावं लागलं असतं. मुलाने एक वाजता पुन्हा टोचून पाहिलं, म्हणून ६८ सापडलं.

साखर ७०च्या खाली म्हणजे लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं. घरात ग्लुकोज पावडर असेल तर ती, नाहीतर साखर. साधारण तीन भरलेले चहाचे चमचे अर्ध्या पेल्या पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. या गृहस्थांची साखर ८३ झाली. पण ग्लिमेपिराइडचा असर चोवीस तासांपर्यंत राहतो. एकदा साखर वर आली म्हणून गोष्ट संपत नाही. दर तासाला पाहिलं तर पाचला पुन्हा ७२. तोवर आणखी दोन उलट्या झाल्या होत्या. तोंडाने दिलेलं पोटात राहत नसेल तर घरात साखर सांभाळता येत नाही; त्यांना दवाखान्यात नेऊन सलाइनमधून ग्लुकोज द्यावं लागलं. माणूस नीट शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आता किटोनबद्दल. शरीराला इन्सुलिन कमी पडलं की ते चरबी जाळतं आणि त्यातून किटोन नावाची आम्लं तयार होतात. ती साठली की रक्त आम्लधर्मी होतं, आणि हा प्रकार जीवघेणा ठरतो. टाइप १ असलेल्यांना हा धोका सर्वांत जास्त. म्हणूनच त्यांनी, एक घास खाल्ला नसला तरी, दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन कधीही बंद करू नये. मात्रा कमी-जास्त करायची ती डॉक्टरांना विचारून. साखर २५०च्या वर गेली किंवा उलटी झाली, की साखरेच्या जोडीने दर दोन-चार तासांनी किटोनही पाहावेत. रक्तातल्या किटोनच्या मीटरवर ०.६च्या खाली आकडा असेल तर ठीक. ०.६ ते १.५ असेल तर दोन तासांनी पुन्हा. १.५च्या वर गेला तर लगेच डॉक्टरांना फोन, आणि ३च्या वर गेला तर थेट रुग्णालय. असा मीटर नसेल तर लघवीची पट्टी वापरावी. तिचा रंग डब्यावर लिहिलेल्या सेकंदांतच जुळवून पाहावा. नंतर पाहिला तर फसगत होते. लघवी मूत्राशयात काही तास साठलेली असते, त्यामुळे ही पट्टी जरा मागची बातमी सांगते, हेही ध्यानात ठेवावं.

आपल्याकडे हल्ली एक गोष्ट खूप पसरली आहे, आणि तिची माहिती घरोघर पोचलेली नाही. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी 'फ्लोझिन'ने संपणारी औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. मधुमेहासाठी, हृदयासाठी, मूत्रपिंडांसाठी ती खरोखर उपयोगी आहेत. पण उलट्या-जुलाबांत हीच औषधं मीटरला गप्प करतात. साखर लघवीतून निघून जात असल्यामुळे रक्तात ती १६०-१८० एवढीच दिसते आणि आत किटोन मात्र साठत असतात. अशा माणसाला मळमळ, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास सुरू झाला तर साखर किती आहे हे पाहून निवांत बसू नये. किटोन तपासावेत, ती सोय नसेल तर रुग्णालय गाठावं आणि 'मी ही गोळी घेतो' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. उलट्या सुरू होताच ही गोळी थांबवायची असते, आणि खाणं-पिणं पूर्ववत झाल्यावरच डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करायची असते. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मेटफॉर्मिनही सहसा थांबवतात. अडचण अशी की ही औषधं अनेकदा एकाच गोळीत एकत्र असतात, वर नाव भलतंच असतं. म्हणून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं आज, तब्येत बरी असतानाच वाचून ठेवावीत.

आकडा खरा यावा म्हणून टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. ग्लुकोजचं पाणी ढवळलेल्या किंवा फळ सोललेल्या बोटावर १०४चे २०० सहज होतात. हात गार पडले असतील तर कोमट पाण्यात धरावेत. लक्षणं एक सांगत असतील आणि आकडा दुसरंच, तर दुसऱ्या बोटातून पुन्हा पाहावं.

साखर वाढेल या भीतीने ओआरएस टाळणारे पुष्कळ आहेत. प्रमाणित ओआरएसच्या एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे एका पेल्यात तीन ग्रॅमही नाही. पाणी कमी पडल्याने होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं आहे. घोट घोट करून तासाला साधारण अर्धा ते एक पेला पाणी, ओआरएस किंवा पातळ ताक पोटात जायला हवं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

चार तास काहीच पोटात टिकत नसेल, ओळीने दोनदा साखर ३००च्या वर येत असेल, ग्लुकोज देऊनही ती ७०च्या वर टिकत नसेल, लघवी जवळजवळ थांबली असेल, माणूस गुंगीत असेल किंवा धाप लागली असेल, तर घरी आणखी एक आकडा पाहायची वाट बघू नका. गरोदर स्त्रीला मधुमेह असेल तर पहिल्या उलटीनंतरच डॉक्टरांना फोन करा.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा एक कोरा कागद घेऊन जा आणि त्यावर त्यांच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या: आजारी पडल्यावर माझी कोणती गोळी थांबवायची, इन्सुलिन किती घ्यायचं, आणि किती आकडा आल्यावर फोन करायचा. घरी आल्यावर पट्ट्यांच्या डब्याची मुदत पाहा आणि तो कागद डब्याजवळ ठेवा.